तंबोऱ्याच्या खर्जातून कॉर्ड काढताना

फ्रेंच रचनाकार जेरार ग्रिझेची ‘पार्सिएल’ ही रचना १९७५ची. तिची सुरुवात अशी: डबल बास खालचा ई सूर पुन्हा पुन्हा जोरात वाजवतो, त्यावर ट्रॉम्बोन ई धरतो, आणि मग एकामागून एक वाद्यं हलकेच आत येतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा वर. काही सेकंदांत कानाला कळेनासं होतं की ही कॉर्ड आहे की एकच अवाढव्य ट्रॉम्बोन. ग्रिझेने ट्रॉम्बोनच्या खालच्या ई चं विश्लेषण पाहिलं, त्या सुराच्या पोटात कोणकोणते सूर आहेत, कोणता आधी येतो आणि कोणता किती जोरात आहे हे घेतलं, आणि एकेक सूर एकेका वादकाला वाटून दिला. पॅरिसमध्ये १९७३ साली ग्रिझे, त्रिस्तां म्युराय आणि त्यांच्या मित्रांनी ‘लितिनेरेर’ हा वाद्यवृंद सुरू केला होता. त्यांच्या कामाला ‘स्पेक्ट्रल संगीत’ हे नाव १९७९ मध्ये युग दुफूर यांनी दिलं. ग्रिझेला स्वतःला ते लेबल फारसं आवडत नसे, पण ते चिकटलं.

ही पद्धत हाताने करून बघायची असेल तर ट्रॉम्बोन हवाच असं नाही. मी तंबोऱ्याची खर्जाची तार घेतो. कारण साधं आहे. या तारेत काय दडलंय ते आपल्या कानांना आधीच माहीत असतं. नीट लावलेल्या तंबोऱ्यातून कुणीही न वाजवलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीच दाखवतात. तो गंधार म्हणजे खर्जाचा पाचवा अंशस्वर. तार एकाच वेळी अख्खी, दोन भागांत, तीन भागांत, पाच भागांत अशी हलते, आणि त्या प्रत्येक हालचालीचा एक सूर असतो. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट. या सुरांना मी पुढे अंशस्वर म्हणेन.

दुसरं कारण जवारी. साध्या तारेला जिथे छेडता, त्या जागी ज्या अंशस्वराचा स्थिर बिंदू येतो तो अंशस्वर वाजत नाही. मधोमध छेडलं तर सगळे सम अंशस्वर गायब व्हायला हवेत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं की तंबोरा आणि वीणेच्या रुंद, किंचित वक्र, म्हणजे जवारी असलेल्या घोडीमुळे हा नियम मोडतो आणि नको असलेले अंशस्वरही दणकून येतात. विश्लेषणाला यापेक्षा भरलेली तार शोधून सापडायची नाही.

रेकॉर्डिंग

तंबोरा काळी एकला लावा. म्हणजे जोडीचा सा १३८.६ हर्ट्झला आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झला. आता बाकीच्या तीन तारा कापडाने दाबून ठेवा आणि फक्त खर्ज छेडा. हे न करता चारही तारा वाजवल्या तर विश्लेषण पडद्यावर सुंदर दिसतं आणि काहीच सांगत नाही, कारण जोडीच्या तारांचे सगळे अंशस्वर खर्जाच्या सम अंशस्वरांवर बरोब्बर बसतात. चौथा अंशस्वर मोठा दिसतोय तो खर्जाचा की जोडीचा, हे कुणालाही वेगळं करता येत नाही.

तार हळू छेडा. जोरात छेडली की पहिल्या क्षणाला ती ताणली जाऊन चढी वाजते आणि मग खाली उतरते. सूर थांबेपर्यंत वाजू द्या. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद करा. ती चालू असली की सूर विरत जाताना फोन तो वर खेचतो, आणि कोणता अंशस्वर किती वेगाने विझतो ही माहिती, जी आपल्याला पुढे हवी आहे, ती बिघडते. फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवा.

आणि खोलीतले दिवे-पंखे बंद करा. याचं कारण पुढच्याच टप्प्यात येईल, माझी फजिती झाली होती ती इथेच.

खिडकी किती मोठी

Sonic Visualiser हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. फाइल उघडून `Layer > Add Peak Frequency Spectrogram` घ्या. आडव्या रेघा दिसतील, एकेक रेघ म्हणजे एकेक अंशस्वर. आता उजवीकडे `Window` चा आकडा ठरवायचा आहे, आणि सगळं विश्लेषण या एका आकड्यावर अवलंबून असतं.

खिडकी म्हणजे एका वेळी आवाजाचा किती तुकडा तपासायचा. सेकंदाला ४४१०० सॅम्पलच्या रेकॉर्डिंगमध्ये ४०९६ची खिडकी घेतली तर मोजपट्टीच्या दोन खुणांमधलं अंतर जवळपास १०.८ हर्ट्झ पडतं. शिवाय दोन सूर वेगळे दिसायला ते साधारण चार खुणा लांब असावे लागतात, म्हणजे ४३ हर्ट्झ. ३२७६८ घेतली तर खुणा १.३५ हर्ट्झवर येतात आणि वेगळेपणा साडेपाच हर्ट्झपर्यंत खाली येतो. किंमत अशी की तो तुकडा पाऊण सेकंदाचा होतो, आणि त्या पाऊण सेकंदात काय बदललं ते सगळं एकत्र कालवलं जातं. सूर कोणते हे बघायला मोठी खिडकी, कोणता कधी आला हे बघायला लहान. मी दोन्ही स्वतंत्र काढतो आणि कागदावर शेजारी ठेवतो. एकाच आकड्यात दोन्ही बसवायचा प्रयत्न केला की दोन्ही अर्धवट मिळतात.

आता फजिती. पहिल्यांदा हे केलं तेव्हा खिडकी ४०९६ची होती आणि खोलीत जुनी, चोकवाली ट्यूबलाइट चालू होती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोक १०० आणि २०० हर्ट्झवर गुणगुणतो. खर्जाचा तिसरा अंशस्वर, म्हणजे पंचम, २०७.९ हर्ट्झवर असतो. माझ्या खिडकीला हे दोघे वेगळे दिसणं शक्यच नव्हतं. त्या वेळी पंचम विझत आलेला होता, चोक काही विझत नव्हता, आणि पडद्यावरच्या उंचवट्याखाली मी २०० लिहिलं. म्हणजे पंचम ६७ सेंट उतरा, अर्ध्या स्वराच्या जवळजवळ दोन तृतीयांशाने. (सेंट म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) मी तो तसाच व्हायोलाच्या पानावर उतरवला. तालमीत व्हायोला वाजवणाऱ्या मैत्रिणीने दोनदा वाजवून पाहिलं, धनुष्य खाली ठेवलं आणि विचारलं, “अरे, हा पंचम कुणाच्या तंबोऱ्याचा?”

हे टाळायचा उपाय भागाकार आहे. प्रत्येक आकड्याला मूळ वारंवारतेने भागा. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ आलं तर तो तारेचा. २०० भागिले ६९.३ म्हणजे २.८९, हा तारेचा असूच शकत नाही. पण त्यासाठी मूळ वारंवारता नेमकी हवी, आणि ती तळाशी मोजू नका. ६९ हर्ट्झवर एका हर्ट्झची चूक म्हणजे २५ सेंट, तर ८३१ वर तीच चूक फक्त दोन सेंट. म्हणून बाराव्या अंशस्वराचा आकडा घ्या आणि त्याला बाराने भागा. माझ्या तारेला ८३१.६ मिळाला, म्हणजे ६९.३.

कोणता क्षण, कोणते अंशस्वर

जवारीच्या तारेचा आलेख पाहिला तर एक गंमत दिसते. छेडल्यावर लगेच वरच्या अंशस्वरांचा एक उजळ पट्टा असतो, आणि सूर विरत जातो तसा तो पट्टा हळूहळू खाली सरकत येतो. जवारी ‘बोलते’ म्हणतात ती हीच. त्यामुळे एका सेकंदाला काप घेतला की एक कॉर्ड मिळते आणि चार सेकंदांनी घेतला की दुसरी. माझ्या तारेत पहिल्या कापात पाचपासून तेरापर्यंतचे अंशस्वर ठळक होते, चौथ्या सेकंदाला मुख्यतः तळचे पाच उरले होते. दोन्ही खरे आहेत. कोणता घ्यायचा हे कोणताही प्रोग्रॅम सांगणार नाही, तो निर्णय रचनाकाराचा.

मी सात वाद्यांसाठी पहिला काप घेतला आणि त्यातून १, ३, ५, ७, ९, ११, १३ उचलले. सम आकडे सोडले, कारण २, ४, ८ म्हणजे पुन्हा सा, ६ म्हणजे पुन्हा पंचम, १० म्हणजे पुन्हा गंधार. वादक मोजके असताना त्यांच्यावर वादक खर्च करावा असं मला वाटत नाही. चाळीस जणांचा वृंद असता तर वेगळं केलं असतं.

आता हर्ट्झचे सूर करायचे. एवढी पायथॉन पुरते:

```python
from math import log2
f0 = 69.3
for n in (1, 3, 5, 7, 9, 11, 13):
    c = 1200 * log2(n) % 1200
    q = round(c / 50) * 50
    print(n, round(f0*n, 1), round(c), q, round(c-q))
```

दुसरा आकडा हर्ट्झ, तिसरा सा पासूनचे सेंट, चौथा जवळच्या पाव स्वराला आणलेला आकडा, आणि शेवटचा त्या ओढाताणीत झालेली चूक. आपल्या भाषेत वाचलं तर असं दिसतं: तिसरा म्हणजे पंचम, दोन सेंट चढा, हार्मोनियमपेक्षा नाममात्र वेगळा. नववा म्हणजे शुद्ध रे, चार सेंट चढा. पाचवा गंधार १४ सेंट उतरा. सातवा कोमल नी, पण ३१ सेंट उतरा, आपण सहसा गातो त्या कोमल नीपेक्षा खाली. अकरावा ५५१ सेंटवर, शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोब्बर मध्ये. तेरावा कोमल धैवतापेक्षा ४१ सेंट वर, म्हणजे कोमल आणि शुद्ध यांच्या अधेमधे.

इथे एक गैरसमज लगेच मिटवतो. पाव स्वर, म्हणजे सप्तकाचे २४ समान भाग, आणि बावीस श्रुती यांचा काही संबंध नाही. पाव स्वर ही निव्वळ लिहिण्याची सोय आहे. वादकाच्या पानावर “३१ सेंट उतरा” लिहिलं तर तो चिडतो, तर उलट्या फ्लॅटचं चिन्ह दिसलं की त्याला बोट कुठे ठेवायचं ते कळतं. ग्रिझेनेही अंशस्वर असेच जवळच्या पाव स्वराला आणून लिहिले.

या ओढाताणीत अकरावा एका सेंटने चुकतो, तेरावा नऊने, दोन्ही चालतात. सातवा १९ सेंटने चुकतो, तो मला बोचतो, म्हणून तिथे मी पाव स्वराऐवजी स्वराचा सहावा भाग वापरतो, म्हणजे ३३ सेंट उतरा. चूक दोनवर येते. गंधाराचं मात्र पाव स्वरात काही होत नाही, तो साध्या गंधारालाच जाऊन चिकटतो आणि १४ सेंटची चूक तशीच राहते. त्याचा इलाज पानावर नाही, तालमीत आहे.

वाटप

काळी एक म्हणजे सी शार्प. खर्ज चेलोला, त्याच्या सर्वांत खालच्या तारेवर. पंचम, म्हणजे त्यावरचा जी शार्प, व्हायोलाला. गंधार, एफ, क्लॅरिनेटला. सातवा, उतरा बी, बास फ्लूटला शोभला असता, पण माझ्याकडे साधी बासरी होती. रे, अकरावा आणि तेरावा तीन व्हायोलिनना.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक सूर त्याच्या मूळ सप्तकातच ठेवा. अकरावा अंशस्वर ७६२ हर्ट्झवर आहे, खर्जापासून तीन सप्तकांहूनही वर. तो वाजवायला सोपा जावा म्हणून एक सप्तक खाली आणून गंधाराच्या शेजारी बसवला तर तो फक्त बेसूर मध्यम ऐकू येतो. वर, आपल्या जागी, हळू वाजला की तो सूर म्हणून ऐकूच येत नाही, चेलो उजळ झाल्यासारखा वाटतो. स्पेक्ट्रल कॉर्ड आणि नुसती पाव स्वरांची गर्दी यात फरक एवढाच आहे.

दुसरी अडचण अशी की विश्लेषणातला अंशस्वर हा एकटा, निखळ सूर असतो, पण वाद्य कधीच एकटा सूर देत नाही. क्लॅरिनेटचा एफ स्वतःचे अंशस्वर घेऊन येतो, आणि ते खर्जाचे १५वे, २५वे होऊन बसतात. थोडं चालतं, ग्रिझेलाही ते हवंच होतं. पण सगळ्यांनी भरदार वाजवलं की एकाऐवजी सात वाद्यं ऐकू येतात. म्हणून वरच्या व्हायोलिनना धनुष्य बोटपट्टीकडे न्यायला सांगा, बासरी आणि क्लॅरिनेटला हळू वाजवायला सांगा, आणि व्हायब्रेटो कुणीच करायचा नाही. व्हायब्रेटो आला की तो सूर कॉर्डमधून बाहेर उडी मारतो.

जोर आलेखावरून घ्या, पण डेसिबलचं थेट भाषांतर करू नका. बासरीचा मंद बी आणि व्हायोलिनचा मंद बी यांची ताकद वेगळी. मी तळाचा चेलो फोर्टेवर ठेवतो आणि बाकीच्यांना आपला सूर चेलोच्या आत लपेल इतकंच वाजवा असं सांगतो.

गंधार जुळवणं

हा भाग सगळ्यात आवडीचा, कारण इथे यंत्र लागत नाही. चेलोने खर्ज धरला की त्याच्या आवाजातच ३४६.५ हर्ट्झचा गंधार आहे. क्लॅरिनेटने ट्यूनर बघून एफ वाजवला तर तो ३४९.२ वर येतो. दोघांमधला फरक पावणेतीन हर्ट्झ, म्हणून सेकंदाला जवळजवळ तीन ठोके ऐकू येतात, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ज्यांना विस्पंद म्हणतात ते. वादकाला म्हणायचं, ट्यूनर बंद कर आणि ओठ सैल करत ठोके मंद कर. ते थांबले की सूर पाचव्या अंशस्वरावर बसला. आमच्या तालमीत क्लॅरिनेटवाल्याला हे पहिल्या प्रयत्नात जमलं, पण बसल्यावर तो म्हणाला की आता मला माझाच सूर ऐकू येत नाहीये. म्हटलं, तेच हवंय.

हीच युक्ती सातव्याला लावून बघा. साधा बी ४९३.९ हर्ट्झवर, सातवा अंशस्वर ४८५.१ वर, सेकंदाला जवळजवळ नऊ ठोके पडतात, ते मोजता येत नाहीत, नुसता आवाज खरखरतो. पाव स्वर उतरवला की पाचावर येतात. सहावा भाग उतरवला की जवळजवळ थांबतात. पियानो आणि हार्मोनियम यात कुठेच बसत नाहीत, म्हणून या वृंदात त्यांना जागा नाही.

वेळ

कॉर्ड एकदम आणली तर ती कॉर्डच राहते. ट्रॉम्बोनचा सूर सुरू होताना तळचे अंशस्वर आधी येतात आणि वरचे नंतर, आणि ग्रिझेने तोच क्रम कित्येक पटींनी लांबवून लिहिला. तंबोऱ्याचा प्रवास उलटा आहे, वरचा पट्टा आधी उजळतो आणि खाली येतो. माझ्या तारेचा सूर चार सेकंदांचा धरला आणि दहापट लांबवला, म्हणजे चाळीस सेकंद. चेलोच्या आघातानंतर तीन व्हायोलिन जवळजवळ लगेच येतात, दहा सेकंदांत विरत जातात, तोवर बासरी वर येते, मग क्लॅरिनेट, आणि पंचम शेवटी एकटा चेलोबरोबर उरतो. छोट्या खिडकीचा आलेख इथे उपयोगी पडतो. कोण कधी येतं ते त्यावरून सेकंदात मोजायचं आणि दहाने गुणायचं.

पुढे कुठे जायचं

‘पार्सिएल’मध्ये हीच कॉर्ड पुन्हा पुन्हा येते, पण प्रत्येक खेपेला तिच्यात थोडा मळ शिरतो आणि ती मूळ सुरापासून दूर, गोंगाटाकडे सरकते. आपल्या सात सुरांना असं हलवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ताणणं. अंशस्वराच्या क्रमांकाला घात लावा:

```
f(n) = f0 * n^p
```

p = 1 असेल तर निखळ तार. p = 1.05 केलं की प्रत्येक सुराचं खर्जापासूनचं सेंटमधलं अंतर १.०५ ने गुणलं जातं. हे कागदावरही होतं. सप्तक १२०० ऐवजी १२६० सेंटचं होतं. पंचम १९०२ वरून १९९७ वर जातो, म्हणजे कोमल धैवताच्या दारात. गंधार २७८६ वरून २९२६ वर, म्हणजे मध्यमाच्याही २६ सेंट वर. कान लगेच सांगतो की आता ही तार नाही, काहीतरी धातूचं आहे, घंटेसारखं.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. p = 1.01 ला कॉर्ड फक्त बिघडल्यासारखी वाटते, जणू वादक चुकले. १.०३ च्या पुढे गेल्यावर ती मुद्दाम ताणलेली आहे असं ऐकणाऱ्याला पटतं. म्हणून मी पहिल्या आवर्तनानंतर थेट १.०३ ला उडी मारतो, मग १.०५, मग १.०८, आणि प्रत्येक वेळी सूर पुन्हा जवळच्या पाव स्वराला आणतो. ताणलेल्या कॉर्डमध्ये ठोके थांबवायचा प्रश्नच नसतो, ते राहू द्या. परत येताना मात्र १.०३ वरून १.०० ला पुन्हा उडी मारायची, आणि क्लॅरिनेटला त्या ठिकाणी दोन मात्रा जास्त द्यायच्या. गंधार पुन्हा शोधायला त्याला तेवढा वेळ लागतो.